कॉफीचा दाणा: शेंगेतला नाही, फळातला

प्रश्न: कॉफी बीन्स हे राजम्यासारखे खरेखुरे बीन्स असतात का? दाण्याची एक बाजू सपाट असते, म्हणून मला वाटायचं की डाळीसारखं ते अर्धं दल असेल. पण कॉफीची शेंग कधी पाहिली नाही. मग हा दाणा झाडाच्या कोणत्या भागातून येतो?

उत्तर:

नाही, कॉफीचा दाणा बीन नाही. कॉफीला शेंग धरत नाही, फळ धरतं, आणि दाणा म्हणजे त्या फळातली बी. ही बी अर्धी नाही, पूर्ण आहे. सपाट बाजूमुळे तुमच्यासारखाच गोंधळ अनेकांचा होतो. कॉफीच्या रोपवाटिकेत आणि फळं सोलण्याच्या कामात माझी वीसेक वर्षं गेली आहेत, आणि नवीन माणूस कामाला आला की पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न येतो. तोंडी सांगून ते पटत नाही. म्हणून मी एक पिकलेलं फळ हातात देते आणि नखाने सोलायला लावते. इथेही तसंच करू.

कॉफीचं फळ पिकल्यावर लाल होतं, काही वाणांत पिवळं. आकार साधारण मोठ्या बोराच्या आतलाच. आडव्या फांद्यांवर, पानांच्या बगलेत ही फळं घोसाने चिकटून बसतात. तिथेच आधी पांढरी, मोगऱ्यासारख्या वासाची फुलं येऊन गेलेली असतात. फळाच्या मोकळ्या टोकाला बारीक गोल चकतीसारखी खूण दिसते. फुलाच्या पाकळ्या तिथे होत्या. किंजपुट त्या पाकळ्यांच्या खाली असतो, आणि तोच वाढून फळ होतो. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत अरेबिका जातीच्या कॉफीला सात ते नऊ महिने लागतात, रोबस्टा जातीला त्याहून जास्त.

आता फळ दोन बोटांत दाबा. साल फाटते आणि आतून दोन बुळबुळीत बिया सटकन बाहेर येतात. सालीच्या आत थोडासा गोडसर गर असतो. त्याचा आतला थर मधासारखा चिकट असून बियांना लपेटलेला असतो. तो धुऊन काढला आणि बी वाळवली की फिकट पिवळसर, कागदासारखं कडक कवच हाती लागतं. आमच्याकडे त्याला पार्चमेंट म्हणतात. ते फोडलं की खाली अगदी पातळ चंदेरी पापुद्रा, म्हणजे सिल्व्हर स्किन. तोही निघाला की हिरवट-राखाडी रंगाची टणक बी उरते. बाजारात येते ती हीच, भाजण्याआधीची. साल आणि गर जाऊन, वाळून, कवच निघून एवढंच उरतं, म्हणून पाच-सहा किलो फळांतून जेमतेम किलोभर बी मिळते.

हे थर आंब्याशी ताडून पाहिले की लगेच लक्षात येतात. आंब्याला साल, गर आणि गराच्या आत टणक कोय असते, आणि कोयीच्या आत खरी बी. कॉफीचं पार्चमेंट हे त्या कोयीच्या जागी आहे, फक्त पातळ आहे. कोय आणि पार्चमेंट दोन्ही फळाच्या भिंतीचा आतला थर आहेत, बीचा भाग नव्हेत. म्हणून वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने कॉफीचं फळ आंब्यासारखं आठळीचं, म्हणजे अश्मगर्भी. बोलताना मात्र जगभर त्याला बेरी किंवा चेरी म्हणतात. आम्हीसुद्धा दिवसभर 'चेरी आली', 'चेरी सोलायला घ्या' असंच बोलतो. त्यात वावगं काही नाही. फक्त त्यावरून फळाची जात ठरवायची नाही.

आता सपाट बाजूकडे येऊ, कारण तुमची शंका तिथेच सुरू झाली. कॉफीच्या किंजपुटात दोन कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात एकेक बीजक. दोन्ही फळले की दोन बिया शेजारी-शेजारी वाढतात. जागा एकाच फळाची, आणि मधे फक्त एक पातळ पडदा. दोघी वाढता वाढता एकमेकींना टेकतात. टेकलेली बाजू सपाट राहते आणि बाहेरची बाजू फळाच्या गोलाईप्रमाणे फुगते. एका पिशवीत कणकेचे दोन गोळे कोंबले तर त्यांचं जे होईल, तसंच काहीसं. म्हणजे सपाटपणा शेजारामुळे येतो. दाणा मधोमध चिरलेला नसतो.

याचा पुरावा फळातच मिळतो. काही फळांत दोनांपैकी एक बीजक वाढतच नाही. मग दुसऱ्या बीला सगळी जागा मोकळी मिळते आणि ती वाटाण्यासारखी गोल होते. तिलाच पीबेरी म्हणतात. साधारणपणे शंभर बियांत पाच ते दहा अशा निघतात, पण झाडाचा वाण, फुलोऱ्याच्या वेळचं हवामान आणि परागीभवन कसं झालं यावर हे प्रमाण कमी-जास्त होतं. पीबेरी सोलताना फळात दुसऱ्या बाजूला वाळलेला, कागदासारखा चपटा अवशेष सापडतो. न वाढलेली बी ती. उलट कधी तीन बिया धरल्या तर प्रत्येकीला दोन शेजारणी मिळतात. मग सपाट बाजूही दोन होतात आणि बी संत्र्याच्या फोडीसारखी तिकोनी दिसते. एकाच झाडावर गोल, अर्धगोल आणि तिकोनी अशा तिन्ही आकारांच्या बिया मिळतात. दाणा जर डाळीचं अर्धं दल असता, तर हे शक्यच नव्हतं.

आता राजमा आणि कॉफी शेजारी ठेवून आत पाहू. राजम्याचा दाणा रात्रभर भिजवा आणि साल काढा. दाणा आपोआप दोन भागांत सुटतो. हे दोन भाग म्हणजे बाळरोपाची पहिली दोन पानं, फक्त अन्न भरून जाड झालेली. त्यांना दलिका म्हणतात, रोजच्या बोलण्यात दल. दोन्हींच्या मधे, कडेला, इवलासा कोंब असतो. म्हणजे राजम्याचा जवळजवळ सगळा दाणा हे बाळरोपच असतं. रोपासाठीचं अन्न त्याने स्वतःच्या पानांत आधीच साठवलेलं असतं.

कच्ची, न भाजलेली कॉफीची बी अशीच भिजत घाला. तिला जास्त वेळ लागतो, निदान दोन दिवस, आणि पाणी बदलत राहावं लागतं. मग धारदार पात्याने ती उभी कापा. ती दोन दलांत सुटत नाही. आत सगळीकडे एकसारखा, शिंगासारखा कडक, किंचित पारदर्शक पदार्थ दिसतो. हा पुष्क, इंग्रजीतला एन्डोस्पर्म. रोपाचा तो भाग नाही. रोपाभोवती ठेवलेली ती शिदोरी आहे. खोबरं म्हणजे नारळाचं पुष्क, गव्हाच्या दाण्यातला पिठाचा भाग म्हणजे गव्हाचं पुष्क. कॉफीच्या बीमध्ये जवळजवळ सगळं तेच असतं.

मग बाळरोप कुठे? बीच्या एका टोकाला, फुगीर बाजूच्या सालीलगत ते झोपलेलं असतं. पांढरं, काडीसारखं, तीन-चार मिलिमीटर लांब. एक टोक म्हणजे मुळाचा अंकुर, तो बीच्या टोकाकडे तोंड करून असतो. दुसऱ्या टोकाला दोन दलिका असतात, पण इतक्या इवल्या आणि पातळ की भिंगाशिवाय नीट दिसत नाहीत. पहिल्यांदा कापताना बहुतेकांचं पातं चुकतं, अंकुर कापला जातो किंवा नजरेतून निसटतो. मलाही सुरुवातीला पाच-सहा बिया वाया घालवाव्या लागल्या. सपाट बाजू खाली ठेवायची आणि फुगीर बाजूचं टोक पातळ पातळ तासत जायचं, म्हणजे तो सापडतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण मराठीत 'द्विदल' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक म्हणजे डाळी होणारी धान्यं. दुसरा, शास्त्रातला, म्हणजे ज्यांच्या रोपाला दोन दलिका असतात त्या सगळ्या वनस्पती. दुसऱ्या अर्थाने कॉफी द्विदल आहेच, जसा आंबा आहे. पहिल्या अर्थाने ती नाही. बीन म्हणजे शेंगवर्गीय कुलातल्या वनस्पतीची शेंगेतली बी. कॉफी रुबिएसी कुलातली, कदंब, अनंत आणि मंजिष्ठा यांच्या घरातली. रोजच्या कामात हा फरक आम्हाला मुळांशी जाणवतो. शेंगवर्गीय झाडं मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नायट्रोजन वापरतात. कॉफीला तसं जमत नाही. कित्येक मळ्यांत सावलीसाठी पांगारा किंवा ग्लिरिसिडिया लावतात, त्यामागे हेही एक कारण असतं. दोन्ही शेंगवर्गीय आहेत, त्यांची पानं गळून कुजली की कॉफीला खत मिळतं.

मग बीन हे नाव कशामुळे? मला तरी ते दिसण्यावरून पडलेलं वाटतं. वाळलेली बी घेवड्याच्या दाण्यासारखी दिसते, आणि ज्यांच्यापर्यंत फक्त वाळलेली बी पोहोचली त्यांना फळ पाहायला मिळालंच नाही. अरबीत कॉफीच्या बीला 'बुन्न' म्हणतात, म्हणून बीन त्यावरूनच आलं असं काहीजण सांगतात. उच्चार जवळचे आहेत हे खरं. पण इंग्रजीतला बीन हा शब्द कॉफी तिकडे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून शेंगेतल्या दाण्यांसाठी वापरात होता. स्वयंपाकघरात किंवा दुकानात बीन्स म्हणालात तर कोणाचं काही बिघडत नाही. आपला 'कॉफीच्या बिया' हा शब्द मात्र तंतोतंत बरोबर आहे.

सपाट बाजूवरची उभी घळही बऱ्याच जणांना चकवते. डाळीचे दोन भाग जुळतात तिथली ती फट आहे असं वाटतं. प्रत्यक्षात पुष्क वाढताना दोन्ही कडांनी आत वळलेलं असतं, आणि ती घळ म्हणजे त्या घडीचं तोंड. बी आडवी कापलीत तर घळ आत जाऊन वळलेली दिसते, चटई दोन्ही बाजूंनी आत मुडपावी तशी. चंदेरी पापुद्राही त्या घडीत आत गेलेला असतो. बाहेरचा पापुद्रा यंत्रात किंवा भाजताना सुटून कोंडा होऊन उडतो, पण घडीतला तिथेच अडकून राहतो. भाजलेल्या दाण्याच्या घळीत फिकट रेघ दिसते ती याचीच. तुमच्या घरी भाजलेले दाणे असतील तर एक फोडून पाहा, आत तो पापुद्रा सुटा मिळेल.

हा पापुद्रा आला कुठून, हे हिरवी फळं वेगवेगळ्या वयाची कापून पाहिली की समजतं. अगदी लहान फळात कप्पा एका मऊ, पाणीदार ऊतीने भरलेला असतो. ते अजून पुष्क नसतं. पुष्क नंतर आतून वाढायला लागतं आणि त्या पहिल्या ऊतीची जागा घेतं. आधी ते दुधाळ असतं, मग चीजसारखं घट्ट, शेवटी दगडासारखं. मागे सरलेल्या ऊतीचा वाळलेला अवशेष म्हणजे सिल्व्हर स्किन. फळ झपाट्याने वाढत असतानाच कप्प्याचा आकार ठरतो, कारण पुढे पार्चमेंट कडक होतं आणि कप्पा वाढू शकत नाही. त्या आठवड्यांत पाणी कमी पडलं तर नंतर कितीही पाणी दिलं तरी बी बारीकच राहते. पार्चमेंटच्या साच्याबाहेर तिला जाताच येत नाही.

पुष्क आणि दलिका यातला फरक फक्त शास्त्राच्या वहीपुरता नाही. राजम्यात स्टार्च भरपूर असतो, म्हणून तो शिजवला की मऊ होतो. कॉफीच्या पक्व बीमध्ये स्टार्च जवळपास नसतोच. तिने अन्नाचा मोठा भाग पेशींच्या जाड भिंतींतच साठवलेला असतो, मॅनन नावाच्या कडक शर्करासाखळ्यांच्या रूपात. त्याशिवाय तेल, प्रथिनं आणि थोडी साखर असते. कच्ची कॉफी तासन्‌तास उकळली तरी राजम्यासारखी मऊ होत नाही, ती यामुळे. भाजतानाही याच भिंती महत्त्वाच्या. बीमध्ये दहा-बारा टक्के पाणी असतं, त्याची वाफ होते, जाड भिंती ती बराच वेळ कोंडून धरतात, आणि शेवटी दाणा तडकल्याचा स्पष्ट आवाज येतो.

रोपवाटिकेत ही बी वागतेही वेगळी. फळ ताजं, पूर्ण पिकलेलं आणि हाताने सोललेलं हवं. यंत्राने सोललं की काही बियांच्या टोकाला ओरखडा जातो, आणि टोकालाच अंकुर असतो. पाण्यात टाकून तरंगणाऱ्या बिया काढायच्या, उरलेल्या पार्चमेंटसकट सावलीत वाळवायच्या आणि वाफ्यात सपाट बाजू खाली ठेवून पेरायच्या. वर मातीचा पातळ थर पुरे. मग वाट पाहायची. उबदार हवेत साधारण दीड महिना लागतो, गारव्यात दोन-तीन महिनेही. राजमा आठवड्यात वर येतो. कॉफीच्या अंकुराला मात्र आधी समोरचं कडक पुष्क मऊ करून वाट काढावी लागते, आणि त्याच वेळी त्याच्या इवल्या दलिका आतलं अन्न शोषून वाढत असतात.

एकदा एका ओळखीच्या शेतकऱ्याने मला कच्च्या कॉफीची पिशवी आणून दिली. बी वर्षभर कोठीत ठेवलेली, दिसायला सुरेख, एकसारखी. त्याला त्यातूनच रोपं हवी होती. मी एका ट्रेमध्ये ती पेरली आणि शेजारच्या ट्रेमध्ये त्याच हंगामातली, पार्चमेंटमधली ताजी बी. पाणी, माती, सावली सगळं सारखं. सातव्या आठवड्यात ताज्या बीच्या ट्रेमध्ये वाकलेले कोंब वर आले. दुसऱ्या ट्रेमध्ये तीन महिन्यांनी एकही नाही. बिया उकरून कापल्या तर पुष्क तपकिरी पडून मऊ झालेलं होतं आणि पांढऱ्या अंकुराच्या जागी काळपट रेघ उरली होती. कॉफीची बी कडधान्यासारखी वर्षानुवर्षं जिवंत राहत नाही. नेहमीच्या तापमानाला काही महिन्यांतच तिची उगवण घसरते. नेमके किती महिने, हे वाणावर, ओलाव्यावर आणि साठवण किती थंड होती यावर अवलंबून असतं. चवीसाठी ती बी चांगलीच होती, रोपासाठी उशीर झाला होता. भाजलेल्या बीचा तर प्रश्नच नाही, तिच्यातला अंकुर भाजतानाच मेलेला असतो.

तुम्हाला स्वतः खात्री करायची असेल तर कुठून तरी ताजी फळं मिळवा आणि चार-पाच बिया कुंडीत लावा. पहिल्यांदा जमिनीतून वाकलेला देठ वर येतो आणि सरळ होताना पार्चमेंटसकट बी डोक्यावर उचलून धरतो, टोपी घातलेल्या शिपायासारखा. टोपी ओढून काढायचा मोह होईल, काढू नका. आत दलिका अजून पुष्क खात असतात. घाईने टोपी काढली तर त्या फाटतात आणि रोप खुरटं राहतं. आणखी काही आठवड्यांनी टोपी आपोआप सैल होऊन पडते, आणि दोन गोलसर, कडेला किंचित लहरी, तकतकीत हिरवी पानं उघडतात. गळून पडलेलं कवच उचलून आत बोट घाला. ते रिकामं असेल, तळाशी चंदेरी पापुद्र्याचा तुकडा तेवढा मिळेल.